सोळा पाकळ्यांचा घुमट

आमच्या आप्पांनी शिरूरच्या बाजारपेठेत पंचवीस-तीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा दुकान, कापड दुकान, शेतीऔषधांचं दुकान, सगळीकडे त्यांचंच अक्षर. मग फ्लेक्स आला. पुण्याहून छापून आणलेलं ते चकचकीत कापड दोन तासांत लागायचं, वर दुकानदाराचा फोटोसुद्धा असायचा. आप्पांकडचं काम एकदम गेलं नाही. आधी नवी दुकानं गेली, मग जुन्यांच्या नव्या पिढीनं पाट्या उतरवल्या, शेवटी निवडणुकीच्या भिंतीही गेल्या. त्यांच्याबरोबर काम करणारा जोडीदार कारखान्यात वॉचमन म्हणून लागला. आप्पा एकटे राहिले. सकाळी आंघोळ करून, कुंचले रॉकेलात धुवून, ते ओट्यावर बसून असायचे. धुतलेलेच कुंचले पुन्हा धुवायचे.

मी तेव्हा बीएस्सी होऊन घरात बसले होते. शिक्षकाच्या जागा निघत नव्हत्या आणि निघाल्या तरी आमच्यापर्यंत येत नव्हत्या. घरातल्या पुढच्या खोलीत मी नववी-दहावीची गणिताची शिकवणी घ्यायची. बापलेक दोघंही कशाची तरी वाट पाहत होतो. 

अशात निमोण्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक म्हातारे आबा आप्पांना शोधत आले. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं राखली होती, आता सगळी वस्ती शेती करत होती. वर्गणी काढून त्यांनी देवाचं जुनं ठाणं पाडून पक्कं देऊळ बांधलं होतं. पुढं गोल खांबांचा मंडप, गाभाऱ्यावर घुमट. रंगकाम राहिलं होतं, आणि जत्रा तोंडावर आली होती.

"रंग आमी आणू," आबा म्हणाले. "तुमी फकस्त सांगायचं किती लागंल. वस्तीनं पोटाला चिमटा घिऊन दिल्यालं हाय. वाया जाया नगं आन् कमी पडाया नगं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी सपाट पाट्या रंगवल्या होत्या. लांबी गुणिले रुंदी, झालं. गोल वस्तूचा हिशेब त्यांना कधी करावा लागलाच नव्हता.

"ही करंल," ते म्हणाले. "हिचं गणित पक्कं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जीपमधून गेलो. देऊळ माळावर होतं. आजूबाजूला एक झाड नाही, पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलेलं नव्हतं, विहिरी तळाला गेलेल्या. त्या करड्या माळावर ते नवं सिमेंटचं देऊळ फार उघडं दिसत होतं.

खांबांचं काम सोपं होतं. मी सुतळी गुंडाळून घेर मोजला, चार फूट. उंची नऊ फूट. आप्पा विचारत होते, खांब तर गोल, मग चौरस फूट कसे काढायचे? मी आबांच्या नातवाकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली, एकाला एक चिकटवून खांबाभोवती गुंडाळली आणि परत उलगडून जमिनीवर टाकली. एक आयत झाला. एक बाजू खांबाचा घेर, दुसरी बाजू उंची. पुस्तकात याला वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ म्हणतात, दोन पाय आर एच. घेरच मोजता आला, तर पाय न् आर कशाला हवा? चार गुणिले नऊ, छत्तीस चौरस फूट एका खांबाचे.

आप्पांना एवढा आनंद झाला, की त्यांनी खांबावर थाप मारली. "म्हंजी खांब म्हंजी गुंडाळल्याली भिंतच की!"

"हो."

"मंग घुमट बी तसाच."

"नाही आप्पा. घुमट उलगडत नाही. मोसंबीची साल काढून सपाट करायला गेलं तर ती फाटते ना? तसंच. त्याचं सूत्र वेगळं."

मी वर चढायला निघाले तेव्हा आबांनी हात आडवा केला. चेहऱ्यावर राग नव्हता, संकोच होता. "बाय, तू हितंच थांब. शिखरावर बाईमानूस जात न्हाई. आमच्याकडं न्हाई तसं."

मी थांबले. आप्पा शिडीनं गच्चीवर गेले, आबांचा मुलगा सोबत गेला. मी खालून सांगत होते, ते वरून आकडे ओरडत होते. घुमटाच्या बुडाचा घेर, चव्वेचाळीस फूट. म्हणजे त्रिज्या सात. मग मी म्हटलं, सुतळी एका काठापासून शेंड्यावरून पलीकडच्या काठापर्यंत टाका. बावीस फूट भरली, म्हणजे बरोबर घेराच्या निम्मी. गवंड्यानं घुमट नीट अर्ध्या गोलाचा उठवला होता. सुतळी कमी भरली असती, तर घुमट बसका निघाला असता आणि सूत्र बदलावं लागलं असतं.

विटेच्या तुकड्यानं मी मंडपाच्या फरशीवर मांडलं. दोन गुणिले पाय गुणिले सातचा वर्ग. तीनशे आठ चौरस फूट.

आबांचा मुलगा खाली येऊन पाहत होता. तो म्हणाला, "आमी तर बुडाच्या गोलाचं काढलं हुतं. दीडशेच्या वर चार आलं."

"ते जमिनीवर घुमटाची सावली पडेल तेवढं," मी म्हटलं. "पृष्ठभाग त्याच्या बरोबर दुप्पट असतो." माझ्या शाळेतल्या बाईंनी चेंडू अर्धा कापून त्यावर दोरा गुंडाळून दाखवला होता. सपाट तोंड झाकायला जेवढा दोरा लागला, त्याच्या दुप्पट घेतला तेव्हा कुठे फुगीर पाठ झाकली. ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही.

रंगाचं ठरलं ते असं. घुमटाच्या सोळा पाकळ्या करायच्या, बुडापासून शेंड्यापर्यंत निमुळत्या. एक पिवळी, एक पांढरी. पांढरा डब्यातला चालणार होता. पण पिवळ्याविषयी आबा हटून बसले. त्यांनी कमरेच्या पिशवीतून मूठभर भंडारा काढला आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो रंग. ह्योच. दुकानातला लिंबावाणी पिवळा मला नगं."

आप्पांनी तळहात उन्हात धरला. हळदीचा तो रंग, थोडा लालसर, थोडा मातकट. असा रंग कुठल्याही डब्यात मिळत नव्हता. पिवळ्यात थोडा नारिंगी, थेंबभर तपकिरी, किंचित पांढरा, असं हातानंच मिसळावं लागणार होतं.

"जमंल," आप्पा म्हणाले. किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकत होते.

परत येताना मी त्यांना बजावलं की पिवळा सगळा एकाच वेळी मिसळा. हातानं केलेला रंग दुसऱ्यांदा तसाच येत नाही, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. पिवळ्या आठ पाकळ्या म्हणजे घुमटाचा अर्धा भाग, एकशे चौपन्न चौरस फूट. दोन हात द्यायचे म्हणजे तीनशे आठ. लिटरमागे साधारण शंभर चौरस फूट धरले, तर तीन लिटर आणि वर थोडा. आप्पा हो हो म्हणत होते. जीपमध्ये ते खिडकीशी बसले होते, आणि घुमटावर पाकळ्या कशा आखायच्या ते बोटानं हवेत आखत होते.

काम सुरू झालं. खांब झाले, मंडप झाला, घुमटाला प्रायमर झाला. माझ्या शिकवणीच्या मुलांची सहामाही आली होती म्हणून मधले काही दिवस मी शिरूरलाच राहिले. आप्पा वस्तीवरच मुक्कामी होते. आबांच्या घरी जेवत होते. फोन नव्हता, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून निरोप यायचा, आप्पा खूश आहेत म्हणून.

मग एक दिवस निरोप आला: पोरीला लावून द्या.

मी पोचले तेव्हा आप्पा मंडपाच्या पायरीवर बसले होते. समोर रंगाचे डबे, लाकडी काड्या, पत्र्याची झाकणं. आबा जवळच उभे होते. मी वर पाहिलं. सोळा पाकळ्या सुरेख आखलेल्या होत्या. पण पिवळ्यांमधल्या चार दाट होत्या, पाचवी मध्यापर्यंत दाट आणि वर फिकट, आणि उरलेल्या तीन एकाच हाताच्या, खालचं प्रायमर दाखवणाऱ्या.

"रंग संपला," आप्पा म्हणाले.

"किती मिसळला होता?"

त्यांनी सांगितलं. माझ्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शानं कमी होता.

"मी तीन लिटरच्या वर सांगितलं होतं ना आप्पा?"

त्यांनी हातातली काडी झाकणावर पुसली. मग म्हणाले, "पाकळ्या आखल्या आन् मला वाटलं, ह्या तर पताकाच की. बुडाला पावणेतीन फूट, उंची अकरा. जत्रंला मी शंभरानं पताका रंगवल्यात. बुडाच्या निम्म्यानं उंचीला गुणायचं. पंधरा फूट आन् थोडं. आठ पाकळ्या, दोन हात. मला वाटलं पोरीनं पुस्तकातलं लावून जास्त धरलंय. वाया गेला असता. लोकांनी चिमटा काढून दिल्यालं हाय."

  पताकेच्या बाजू सरळ असतात. पाकळीच्या बाजू बाहेर फुगलेल्या असतात. पताका अर्ध्या उंचीवर अर्धी होते, म्हणजे साडेसोळा इंच. घुमटावरची पाकळी अर्ध्या वाटेवर तेवीस इंच रुंद असते. म्हणून ती पंधरा चौरस फुटांची नसते, सव्वाएकोणीसची असते. सोळांनी गुणलं की तेच तीनशे आठ येतात. हे सगळं मला त्या पायरीवर बसून दिसत होतं. त्यांनाही आता दिसत होतं, रंग संपल्यावर. सांगून काय मिळालं असतं?

"मंग काय झालं," आबा समजुतीनं म्हणाले. "पुन्यांदा करा की. भंडारा हाय, रंग हाय."

रंग खरंच होता. पिवळा, नारिंगी, तपकिरी, सगळे डब्यांत उरलेले होते, कारण मिसळलेलाच कमी होता. आप्पांच्या हाताला अख्खी पेठ मानायची. कुणाच्या जुन्या शटरचा रंग असो, एसटीचा असो, ते बघून तसाच करून द्यायचे. मला वाटलं तासाभराचं काम आहे.

ते मिसळत बसले. काडीनं ढवळायचे, झाकणावर एक ठिपका द्यायचे, भंडाऱ्याशेजारी धरायचे. शेवटी "झाला" म्हणून छोट्या डब्यात घेऊन वर चढले, आणि अर्धी राहिलेली पाकळी त्यांनी पुरी केली. मी खाली माळावर जाऊन लांबून पाहिलं.

नवा भाग हिरवट दिसत होता. लिंबासारखा नाही, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा.

"आप्पा," मी ओरडले. "हिरवट झालाय."

"कुठं?"

"आत्ता लावलाय तो. खालच्यापेक्षा वेगळा आहे."

त्यांनी पाकळीवरून नजर खालीवर फिरवली. "सारखाच हाय की," ते म्हणाले.

माझ्याशेजारी आबा उभे होते. त्यांनी एकदा घुमटाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या भंडाऱ्याच्या मुठीकडे. मूठ उघडली नाही. 

आप्पा खाली आले, पुन्हा मिसळलं. या वेळी तपकिरी जास्त झाला. मग पुन्हा. दुपार झाली. झाकणांवर ठिपक्यांच्या रांगा लागल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला एक शंका आली आणि ती मला नको होती. जुन्या डब्याच्या कडेला वाळलेला पहिल्या मिश्रणाचा एक पापुद्रा होता. तो मी झाकणावर ठेवला, दुसऱ्या झाकणावर आत्ताचा हिरवट ठिपका होता. दोन्ही त्यांच्यासमोर धरली.

"आप्पा, यातला पहिला कुठला?"

ते हसले. "मला इच्यारतीस?"

"सांगा ना."

त्यांनी दोन्ही झाकणं जवळ घेतली. लांब नेली. मान तिरकी केली. मग हिरवट ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ह्यो."

आबांनी तोंड फिरवलं. मी झाकणं खाली ठेवली. आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की बोट चुकलं. किती चुकलं ते कळलं नाही, पण चुकलं ते कळलं. त्यांनी हात पुसायचा फडका घेतला आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

पहिलं मोठं मिश्रण हाताच्या जुन्या मापानं जमून गेलं होतं, थोडक्या रंगाला डोळाच लागत होता. तेव्हा मला बाकीचंही दिसायला लागलं. पिवळ्या पाकळ्यांच्या एकाच बाजूच्या कडांना बारीक पट्ट्या सुटलेल्या होत्या, जिथं कुंचला पोचलाच नव्हता. घरी ते डाव्या बाजूला ठेवलेलं पाणी सांडायचे आणि आई म्हणायची, लक्ष कुठं आहे. पाट्यांची कामं चालू असती तर कुणी ना कुणी दुकानदारानं केव्हाच म्हटलं असतं की मालक, अक्षर वाकडं आलं. पण कामच नव्हतं. कुणी पाहणारं नव्हतं, आणि त्यांनाही पाहायला काही नव्हतं.

आप्पांनीच मग विषय काढला. "आबा, हिला चढू द्या. ही रंग वळखती. म्या धरतो शिडी."

आबा खाली बसले, आमच्या समोर, जमिनीवर. "आप्पा, माझं म्हनाल तर माझी काय ना न्हाई. माझी नात आन् ही येकच. पन उद्या पाऊस न्हाई पडला तर वस्ती ह्या पोरीचं नाव घील. दोन साल कोरडं गेलंय. मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

 मी म्हटलं, मी खाली बसून रंग मिसळते, आप्पा वर लावतील. मला मिसळता येत नव्हतं, पण डोळे तरी होते. ते सांगत गेले आणि मी करत गेले. नारिंगी घाल, थांब, आता पांढऱ्याचं टोक बुडव. संध्याकाळच्या आत बरंच जवळ आलं. अगदी तोच नाही, पण लांबून चालून जाईल असा. मला वाटलं निभावलं.

आप्पा डबा घेऊन शिडीवर चढले. गच्चीवरून घुमटाभोवती बांबूची परांची बांधलेली होती, वर दोन फळ्या. मी खालून बघत होते. ते फळीवर चालत पुढे गेले, डावीकडे वळले आणि जिथं फळी संपली होती तिथं त्यांनी पाय टाकला. सरळ, जणू फळी आहेच. डबा खाली माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन आदळला. आप्पांच्या हाताला उभा बांबू लागला म्हणून ते वाचले. आबांचा मुलगा शिडीवरून धावत गेला आणि त्यानं त्यांना कमरेला धरून उतरवलं.

मी केलेला सगळा रंग मंडपाच्या पायरीवर पसरला होता. आबा आले, त्यांनी आप्पांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "आता पुरं. द्येवानं बघितलं. आता पुरं."

आम्ही परत आलो. जीपमध्ये आप्पांनी एकदाच विचारलं, "शिडी चढताना मी कसा दिसत हुतो? बरा का?" मी म्हटलं, बरे दिसत होतात.

जत्रेआधी वस्तीनं दौंडची रंगाऱ्यांची एक पार्टी बोलावली. त्यांनी दुकानातला तयार पिवळा आणला, आठही पाकळ्यांवर फिरवला. आप्पांच्या चार दाट पाकळ्यासुद्धा त्याखाली गेल्या. जत्रेच्या प्रसादाचा नारळ आबांनी आमच्याकडे पाठवला. आप्पांनी तो कपाळाला लावून आईकडे दिला आणि आत जाऊन पडले.

पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. अंधाऱ्या घुमटात बारीक दिवे लागायचे, दिसला की बटण दाबायचं. आप्पा शांतपणे बसले होते. बटणाचा आवाज येत नव्हता. मला वाटलं अजून सुरूच झालं नसेल.

काचबिंदू, बाई म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते. आधी कडेचं जातं, म्हणून माणसाला कळत नाही. पिवळ्या-निळ्यातला फरकही पुसट होत जातो. डावा डोळा बराच गेलाय, उजवा निम्मा.

"मंग आपरेशन?" आप्पांनी विचारलं.

"जे गेलं ते परत येत नाही, काका. उरलेलं टिकवायला थेंब देते. आयुष्यभर घालायचे."

"कवापासनं असंल ह्ये?"

"सांगता येत नाही. काही वर्षं झाली असतील."

आप्पांनी मान हलवली. बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "म्हंजी त्या पाट्या बी." मला समजायला वेळ लागला. ते विचारत होते की शेवटच्या काही वर्षांत रंगवलेल्या पाट्यांचे रंग लोकांना कसे दिसले असतील, आणि कुणी काही बोललं नाही ते रंग बरोबर होते म्हणून, की रंग चुकले तरी न बोलताच लोक फ्लेक्सकडे गेले. मी म्हटलं तसं काही नाही, सगळ्यांचंच काम गेलं. ते खरं होतं. त्यांना ते पटलं नाही, आणि ताडून पाहायला एकही पाटी पेठेत उरलेली नव्हती.

थेंब वेळेवर घातले तरी नजर जातच राहिली. मला पुढे केडगावच्या बाजूला एका शाळेत शिकवायची नोकरी मिळाली, तीही अर्ध्या पगारावरची. आम्ही शिरूरचं घर सोडून स्टेशनजवळ राहायला आलो. आप्पांना नवीन घर कधी पाठ झालं नाही. उंबऱ्याला अडखळायचे, भिंतीला हात लावून चालायचे. गाडी धडधडत गेली की मान त्या दिशेला वळवायचे, दिसायचं काही नाही. आई म्हणायची, शिरूरलाच राहायला हवं होतं, तिथं निदान पावलांना माहिती होतं.

दोन-तीन वर्षांनी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला मिशनच्या आवारात नेलं. त्या तिथंच वाढलेल्या, त्यांची आई तिथल्या महिलाश्रमात राहिलेली. चर्चच्या पडवीला गोल दगडी खांब होते आणि वर जुना चुन्याचा थर. नाताळाआधी रंगवायचे होते. तुम्हाला येतं ना ते मोजायला, म्हणाल्या. मी सुतळी मागितली. खांब वर थोडे निमुळते होते, म्हणून बुडाचा घेर आणि माथ्याचा घेर दोन्ही घेतले, मधला काढला, उंचीनं गुणला. फार अवघड काम नव्हतं. त्या आभार मानून चहा द्यायला लागल्या, मी घेतला नाही.

घरी आप्पा पलंगावर बसले होते. उशीर का झाला विचारलं, म्हणून मी सांगितलं.

"खांब का?" त्यांचा चेहरा थोडा उजळला. "गोल?"

"गोल. वर निमुळते."

"मंग कसं काढलंस?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोटांनी मांडीवर काहीतरी आखलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "लावतंय कोन?"

"नगरची पार्टी येणार आहे म्हणे."

"बरं."

मी थेंबांची बाटली घेतली. त्यांनी मान मागे टाकली. उजव्या डोळ्यात एक, डाव्यात एक. डाव्यात घालायला डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच नको सांगितलं होतं, त्यात काही उरलं नव्हतं. पण ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि ते पापणी उघडी धरून वाट पाहत होते.